बकेट हळू हलते तेव्हा डिझेल कुठे जातं

रस्त्याच्या कडेला पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणायचा आहे. जमिनीखाली जुनी केबल असू शकते, चालू नळही असू शकतो. म्हणून बॅकहोचा ऑपरेटर बकेट जपून, बोटभर बोटभर खाली नेतो. माती थोडीथोडीच निघते. इंजिन मात्र पूर्ण वेगाने चालू असतं, आणि तासाभराने हायड्रॉलिक तेलाच्या टाकीला हात लावला तर चटका बसतो. यंत्राने काम तर कमी केलं, मग एवढी उष्णता आली कुठून? ती डिझेलमधूनच आली. जे इंधन माती उचलण्यासाठी जाळलं, त्याचा मोठा भाग तेल तापवण्यात गेला.

हा भाग किती मोठा असेल, हे यंत्रात कोणता पंप आहे आणि त्या पंपाला लिव्हरची मागणी कळते की नाही यावर ठरतं. ट्रॅक्टर, बॅकहो, लोडर, क्रेन अशा फिरत्या यंत्रांत पंपाच्या दोन प्रमुख रचना आढळतात. पहिलीत ठरावीक मापाचा पंप असतो. इंजिनच्या प्रत्येक फेऱ्याला तो तेवढंच तेल ढकलतो, मग ते कुणाला हवं असो वा नसो. दुसरीला लोड सेन्सिंग म्हणतात. तिथे भार किती आहे हे पंपाला कळतं आणि तो तेल कमीजास्त करतो. दुसरी रचना जास्त काटकसरी आहे असं सर्रास सांगितलं जातं. ते बऱ्याच वेळा खरं आहे, पण नेहमी नाही. पहिली रचना नको असलेलं तेल वाया घालवते आणि दुसरी नको असलेला दाब. कुठल्या कामात काय जास्त वाया जातं, हे आकडे मांडले की स्पष्ट दिसतं.

दाब आणि प्रवाह

हिशेबाला एकच सूत्र पुरेसं आहे. दाब बारमध्ये आणि प्रवाह मिनिटाला किती लिटर यात मोजला, तर दोन्हींच्या गुणाकाराला 600 ने भागल्यावर शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, तर बॅकहोच्या होजमध्ये तो दोनशेच्या वर जातो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करायला हवी. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. त्या तेलाच्या वाटेत जेवढा अडथळा येईल तेवढा दाब चढतो. सिलिंडर किती वेगाने सरकेल हे प्रवाह ठरवतो आणि दाब किती चढेल हे भार ठरवतो. रिकामी बकेट उचलायला कमी दाब लागतो, ओल्या मातीने भरलेली उचलायला जास्त.

आपल्या हिशेबातल्या यंत्राचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, पण मध्यम आकाराच्या बॅकहोला ते शोभणारे आहेत. पंपाचं माप फेऱ्याला 45 घन सेंटिमीटर आणि इंजिन मिनिटाला 2200 फेऱ्यांवर चालतं. म्हणजे पंप मिनिटाला जवळजवळ 100 लिटर तेल देतो. दाबाची कमाल मर्यादा 210 बार आहे. प्रत्यक्षात अशा यंत्रात पंपाचे दोन भाग असू शकतात. सोयीसाठी आपण एकच धरू.

ठरावीक पंप: नको असलेलं तेल

हा बहुधा गिअर पंप असतो. दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरतात आणि दातांच्या खाचांतून तेल पुढे जातं. रचना साधी, किंमत कमी आणि थोडीफार घाण सोसणारी, म्हणून जगभर त्याचा वापर प्रचंड आहे. पण त्याचा प्रवाह बदलता येत नाही. इंजिनचा वेग कमी केला तरच तेल कमी येतं.

सगळे लिव्हर मधोमध असताना हे 100 लिटर तेल व्हॉल्व्हच्या मधल्या उघड्या वाटेने थेट टाकीत परत जातं. या वाटेलाही थोडा अडथळा असतोच. तो 15 बार धरला तर 15 गुणिले 100 भागिले 600, म्हणजे अडीच किलोवॉट शक्ती काहीही न करता खर्च होत राहते.

आता ऑपरेटर लिव्हर थोडासा ओढतो. त्याला बूम हळू हलवायचा आहे, त्यासाठी मिनिटाला 30 लिटर तेल पुरे आहे आणि भाराला 80 बार दाब लागतो. उपयोगी काम झालं 30 गुणिले 80 भागिले 600, म्हणजे 4 किलोवॉट. पंप मात्र 100 लिटरच देतोय. उरलेल्या 70 लिटरांना टाकीत परत जाताना मधली वाट अर्धवट बंद झालेली सापडते. ती तशी बंद झाल्याशिवाय सिलिंडरकडे दाबच चढणार नाही. त्यामुळे सगळंच तेल 80 बारच्या थोडं वर, समजा 90 बारवर ढकलावं लागतं. पंपाने दिलेली शक्ती 90 गुणिले 100 भागिले 600, म्हणजे 15 किलोवॉट. त्यातले 4 कामी आले आणि 11 उष्णता झाले.

विहिरीवरची मोटर पूर्ण पाणी ओढते, शेतकऱ्याला मात्र एकाच वाफ्यापुरतं पाणी हवं असतं आणि उरलेलं तो परत विहिरीत सोडतो, तसंच हे आहे. फरक इतकाच, की इथे परत जाणारा प्रत्येक लिटर आधी भाराइतक्या दाबापर्यंत चढवला जातो आणि मग त्या दाबाची उष्णता होते.

हे 11 किलोवॉट म्हणजे नेमकं किती? टाकी, होज आणि सिलिंडर मिळून यंत्रात 100 लिटर तेल आहे असं धरू. थंड करण्याची सोय नसेल तर एवढ्या उष्णतेने ते तेल मिनिटाला सुमारे 4 अंशांनी तापेल. म्हणूनच पुढच्या जाळीमागे ऑइल कूलर बसवावा लागतो, आणि त्याच्या पंख्यालाही शक्ती लागते. डिझेलच्या भाषेत सांगायचं तर एका युनिट शक्तीसाठी, म्हणजे एक किलोवॉट तासभर मिळवण्यासाठी, इंजिनला साधारण पाव लिटर किंवा थोडं जास्त डिझेल लागतं. बकेट तासभर अशीच हळू चालवली तर जवळजवळ 3 लिटर डिझेल फक्त तेल तापवण्यात जाईल.

सगळ्यात मोठं नुकसान बकेट दगडावर अडते तेव्हा होतं, किंवा सिलिंडर शेवटपर्यंत पोचल्यावरही लिव्हर ओढून धरला जातो तेव्हा. तेलाला पुढे वाट उरत नाही. दाब 210 बारला पोचतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळंच्या सगळं तेल त्यातून टाकीत पडतं. 35 किलोवॉट, आणि काम शून्य. इंजिनचा आवाज एकदम जड होतो आणि व्हॉल्व्हमधून किंचाळल्यासारखा आवाज येतो. जाणता ऑपरेटर तो ऐकला की लगेच लिव्हर सोडतो.

लोड सेन्सिंग: पंपाला मागणी कळते

यावर पहिला मोठा उपाय ट्रॅक्टरमध्ये आला. जॉन डिअरने 1960 मध्ये आणलेल्या नव्या ट्रॅक्टरांत मधली उघडी वाट बंद केली आणि प्रवाह आपोआप कमी करणारा पिस्टन पंप बसवला. तेल नको असेल तेव्हा पंप ते ढकलतच नव्हता. पण दाब मात्र कायम उंच ठेवलेला असे. हलकं कामही त्याच उंच दाबाच्या तेलाने करायचं आणि उरलेला दाब व्हॉल्व्हमध्ये घालवायचा. जादा तेलाचा प्रश्न सुटला, जादा दाबाचा राहिला. लोड सेन्सिंगने पुढची पायरी गाठली. त्याने दाबही भारानुसार वरखाली करायला सुरुवात केली.

या पंपात गोल मांडलेले अनेक छोटे पिस्टन असतात. ते एका तिरक्या तबकडीवर टेकून फिरतात. या तबकडीला स्वॉशप्लेट म्हणतात. ती जास्त तिरकी असली की पिस्टनची धाव लांब होते आणि तेल जास्त येतं. ती सरळ केली की धाव जवळजवळ शून्य होते आणि पंप फिरत असूनही तेल देत नाही.

तबकडी किती तिरकी ठेवायची हे एका बारीक होजमुळे ठरतं. व्हॉल्व्हच्या पुढे, सिलिंडरकडे जाणाऱ्या तेलाचा दाब ही होज पंपाकडे पोचवते. पंपावर एक छोटा स्पूल असतो. त्याच्या एका बाजूला पंपाचा स्वतःचा दाब आणि दुसऱ्या बाजूला भाराचा दाब अधिक एक स्प्रिंग. स्प्रिंग 20 बारची असेल तर पंप स्वतःचा दाब भारापेक्षा बरोबर 20 बार जास्त ठेवतो. या फरकाला मार्जिन म्हणतात. लिव्हर जास्त ओढला की व्हॉल्व्हची फट मोठी होते, फरक 20 च्या खाली घसरू पाहतो आणि पंप लगेच तेल वाढवून तो परत 20 वर आणतो. फट लहान केली की उलट. म्हणजे ऑपरेटर लिव्हरने फटीचा आकार ठरवतो आणि पंप तेवढ्याच तेलाची सोय करतो.

याचा आणखी एक फायदा ऑपरेटरला हाताला जाणवतो. ठरावीक पंपाच्या यंत्रात लिव्हर तेवढाच ओढला तरी बकेट भरलेली असेल तर वेगळा वेग येतो आणि रिकामी असेल तर वेगळा. लोड सेन्सिंगमध्ये फटीवरचा दाबफरक कायम असल्याने भार बदलला तरी वेग जवळपास तोच राहतो.

आता तोच हळू बूमचा हिशेब पुन्हा मांडू. 30 लिटर तेल, भार 80 बार, पंपाचा दाब 100 बार. दिलेली शक्ती 5 किलोवॉट, उपयोगी 4, वाया गेलेली 1. मगाशी 11 किलोवॉट जात होती. लिव्हर मधोमध असताना पंप 20 बारवर थांबतो आणि गळतीपुरतं तीन-चार लिटर तेल देतो. तेलाच्या वाटे जाणारी शक्ती किलोवॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास येते. बकेट दगडावर अडली तर दाब 210 ला पोचतो, पण तिथे दुसरा एक नियंत्रक तबकडी सरळ करतो आणि प्रवाह थांबतो. 35 किलोवॉटची भट्टी पेटतच नाही.

पण दोन कामं एकदम केली तर

इथपर्यंत लोड सेन्सिंग एकतर्फी जिंकतंय. मात्र ऑपरेटर एका वेळी एकच लिव्हर क्वचितच हलवतो. मातीने भरलेला बूम वर उचलता उचलता तो बकेट वळवतो. समजा बूमला 180 बार दाबाने 30 लिटर हवं आहे आणि बकेटला 60 बार दाबाने 50 लिटर. पंप एकच आहे आणि बारीक होजेतून त्याला सगळ्यात मोठा दाबच कळतो. तो 180 अधिक 20, म्हणजे 200 बारवर 80 लिटर तेल देतो. शक्ती झाली सुमारे 26.7 किलोवॉट.

यातलं उपयोगी किती? बूमला 9 आणि बकेटला 5, एकूण 14 किलोवॉट. उरलेले जवळजवळ 12.7 किलोवॉट वाया गेले. त्यातला फक्त एक किलोवॉट बूमच्या मार्जिनचा आहे. बाकी सगळे बकेटच्या वाटेत गेले, कारण तिला 60 बार पुरत असताना 200 बारचं तेल मिळालं. मधला 140 बारचा फरक जिरवण्यासाठी तिच्या व्हॉल्व्हमध्ये कॉम्पेन्सेटर नावाचा भाग असतो. तो वाट अरुंद करून जादा दाबाची उष्णता करतो. तो नसता तर सगळं तेल सोप्या वाटेने, बकेटकडेच धावलं असतं आणि बूम जागीच राहिला असता.

म्हणजे ज्या यंत्राने हळू कामात 10 किलोवॉट वाचवले, त्यानेच संमिश्र कामात 12 घालवले. लोड सेन्सिंगची ही मूळ मर्यादा आहे. एक पंप एका वेळी एकच दाब देऊ शकतो, आणि तो सगळ्यात जड कामाला लागणारा दाब असावा लागतो. दोन कामांच्या दाबात जितकं अंतर, तितकं नुकसान.

दुसरं उदाहरण पूर्ण प्रवाहाचं. एकच काम, 100 लिटर, 150 बार. ठरावीक पंपाला मधली वाट पूर्ण बंद झाल्यावर 10 बारचा जादा अडथळा धरला, तर दिलेली शक्ती 26.7 किलोवॉट. लोड सेन्सिंगला 20 बार मार्जिनसह 28.3. उपयोगी शक्ती दोन्हींत 25. इथे साधा पंपच सरस ठरला. भरलेला बूम खाली येताना तर दोन्ही रचनांची गत सारखीच असते. वर नेताना साठवलेली शक्ती उतरताना व्हॉल्व्हमध्ये उष्णता होऊन जाते.

अशा सगळ्या नुकसानांची बेरीज केली की चित्र फारसं चांगलं उरत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या 2012 च्या अहवालात तिथल्या तेल आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणांची सरासरी कार्यक्षमता सुमारे 22 टक्के धरली होती.

बिघाड ओळखायचा कसा

लोड सेन्सिंगची सगळी बचत त्या बारीक होजेवर आणि 20 बारच्या स्प्रिंगवर उभी आहे. ती बिघडली की महागडा पंप साध्या पंपाइतकंच किंवा त्याहून जास्त डिझेल खातो, आणि यंत्र चालू राहत असल्यामुळे ते लक्षातही येत नाही.

तपासणीसाठी दोन गेज हवेत. एक पंपाच्या मुख्य तोंडावर आणि दुसरा लोड सेन्सिंगच्या होजेवर. एखादी हालचाल मध्यम वेगाने चालू ठेवून दोन्ही वाचायचे. फरक यंत्राच्या पुस्तकात दिलेल्या मार्जिनइतका आला पाहिजे. मग लिव्हर सोडायचे. होजेवरचा गेज लगेच शून्याकडे यायला हवा आणि पंपाचा थांबलेल्या अवस्थेच्या आकड्यावर.

होजेवरचा दाब उतरत नसेल तर तो टाकीकडे सोडणारं बारीक छिद्र तुंबलेलं असतं. पंपाला वाटतं की भार अजून आहे, आणि काम नसतानाही तो उंच दाबावर बसून राहतो. उलट, होज चोंदली किंवा फुटली तर पंपाला भार कळतच नाही. तो 20 बारवरच राहतो. हलक्या हालचाली रेंगाळत होतात आणि बूम उचलतच नाही. अनेकदा अशा वेळी निष्कारण पंप खोलला जातो.

तिसरा दोष माणसाने आणलेला असतो. यंत्र मंद वाटतं म्हणून मेकॅनिक मार्जिनचा स्क्रू आवळतो. 20 चे 35 बार होतात, हालचाली थोड्या चपळ वाटतात आणि मालक खूश होतो. पण 80 लिटर प्रवाहावर हे वरचे 15 बार म्हणजे 2 किलोवॉटचं नवं नुकसान आहे, जोवर लिव्हर ओढलेला आहे तोवर चालू राहणारं. मंदपणाचं खरं कारण, झिजलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर, तसंच राहतं.

गळका रिलीफ व्हॉल्व्ह शोधायला तापमान मोजणारी गन उपयोगी पडते. तेलाने काम न करता 100 बार दाब गमावला की ते सुमारे 6 अंशांनी तापतं. टाकीकडे परतणारी एखादी नळी बाकीच्यांपेक्षा दहा-बारा अंश गरम लागली, तर दोनशे बारचं तेल त्या वाटेने गुपचूप निसटतंय असं समजावं.

कुठे कोणता

डंपरच्या हौद्याला ठरावीक गिअर पंपच योग्य आहे. तो फक्त हौदा उचलताना जोडला जातो, पूर्ण तेल देतो आणि काम झालं की सुटतो. अर्धवट प्रवाह जवळपास नाही, थांबून राहणं नाही. तिथे पिस्टन पंपावर केलेला खर्च वसूल होणार नाही, शिवाय त्याला तेल बरंच जास्त स्वच्छ लागतं. फक्त नांगर वरखाली करणाऱ्या लहान ट्रॅक्टरचंही तेच.

दिवसभर पूर्ण इंजिनवर उभं राहून कधी थांबणारं, कधी सावकाश चालणारं, नेमक्या हालचाली मागणारं यंत्र असेल तर लोड सेन्सिंगची जादा किंमत डिझेलमधून परत येते. शहरातले चर, केबलशेजारची खुदाई, क्रेनचं काम ही त्याची जागा. दिवसभर एकामागून एक ट्रक भरणाऱ्या आणि दोन-तीन लिव्हर सतत एकदम हलणाऱ्या यंत्रात मात्र ही बचत आटते. तिथे वेगवेगळ्या कामांना वेगळे पंप देणारी रचना जास्त वाचवते.

यंत्र घेताना म्हणूनच आपलं यंत्र दिवसातला किती वेळ थांबलेलं, किती वेळ हळू, किती वेळ पूर्ण वेगाने आणि किती वेळ संमिश्र हालचालीत असतं, हे आधी पाहावं. ज्यांच्याकडे ठरावीक पंपाचं यंत्र आधीच आहे त्यांच्या हातातही एक उपाय आहे. सावकाश कामाला इंजिन 2200 ऐवजी 1300 फेऱ्यांवर चालवलं तर तोच पंप 100 ऐवजी सुमारे 59 लिटर तेल देतो, आणि हळू बूमच्या कामातलं 11 किलोवॉटचं नुकसान पाचच्या जवळ येतं. भार 80 बारचाच आहे आणि बकेटला 30 लिटरच हवं आहे, म्हणून कामात काहीही फरक पडत नाही.